सळईच्या दुसऱ्या टोकावर नेम

बांधकामावर सर्रास दिसणारी आठ मिलिमीटर जाडीची पोलादी सळई. तिची दोन्ही टोके खोलीतल्या हवेपेक्षा बरोबर १०० अंशांनी गरम ठेवली आहेत आणि मधला सगळा भाग उघड्या हवेत आहे. टोकांकडून उष्णता आत शिरते आणि वाटेत हवेला मिळत मिळत संपत जाते. थोड्या वेळाने सगळे स्थिरावले, की सळईवर कुठे किती तापमान असेल?

हा प्रश्न सोडवण्याची एक जुनी, सुटसुटीत रीत आहे. तिला शूटिंग पद्धत म्हणतात. सळई वीतभर असेल तर ही पद्धत दोन फेऱ्यांत बिनचूक उत्तर देते. तीच सळई चार मीटर लांब केली, बाकी काहीही बदलले नाही, तर त्याच पद्धतीला चांगल्या संगणकावरही उत्तर मिळत नाही. उत्तर अस्तित्वात असते, एकच असते आणि अगदी साधे असते, तरीही मिळत नाही. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी समीकरण. सळईच्या एखाद्या छोट्या तुकड्यात एका बाजूने जितकी उष्णता येते, त्यातली काही हवेला जाते आणि उरलेली पुढे सरकते. पोलाद उष्णता किती चांगली वाहून नेते, शांत हवा किती उष्णता काढून घेते आणि सळई किती जाड आहे, या तीन गोष्टींवर सगळा हिशेब ठरतो. नेहमीचे आकडे घातले (पोलादाची उष्णतावाहकता ५०, हवेकडे जाणाऱ्या उष्णतेचा गुणांक १०, दोन्ही प्रचलित एककांत) तर योगायोगाने फार सोपे रूप मिळते:

T'' = 100 T

इथे T म्हणजे खोलीच्या तुलनेत असलेले जादा तापमान आणि अंतर मीटरमध्ये. तापमानाचा उतार ज्या वेगाने बदलतो तो वेग त्या जागच्या तापमानाच्या शंभरपट असतो, एवढेच हे समीकरण सांगते.

संगणकाला असे समीकरण पायरी-पायरीने सोडवायला आवडते. सुरुवातीच्या जागी तापमान किती आणि उतार किती, या दोन गोष्टी सांगितल्या की तो एक मिलिमीटर पुढे जातो, तिथले तापमान आणि उतार काढतो, मग आणखी एक मिलिमीटर, असे करत दुसऱ्या टोकाला पोहोचतो. अडचण अशी की सळईच्या प्रश्नात या दोन गोष्टी एकाच टोकाला मिळत नाहीत. डाव्या टोकाचे तापमान माहीत आहे, पण उतार माहीत नाही. दुसरी माहिती उजव्या टोकाला आहे. अशा प्रश्नांना द्विबिंदू सीमा-मूल्य प्रश्न म्हणतात.

शूटिंग पद्धतीने यावर काढलेला तोडगा तोफखान्यातला आहे आणि नावही तिथूनच आले आहे. तोफेची जागा ठरलेली असते, लक्ष्यही ठरलेले असते. नळी किती उचलायची तेवढे ठरवायचे असते. एक गोळा टाकून पाहायचा, तो कुठे पडला ते बघायचे, मग नळी थोडी वर-खाली करून दुसरा टाकायचा. सळईच्या बाबतीत नळीचा कोन म्हणजे डाव्या टोकाचा उतार. त्याला s म्हणू. कोणताही एक s धरून संगणकाला उजव्या टोकापर्यंत पाठवायचे आणि तिथले तापमान १०० पेक्षा किती जास्त किंवा कमी आले ते नोंदवायचे. हा फरक s वर अवलंबून असतो, म्हणून त्याला F(s) म्हणता येते. आता प्रश्न एवढाच उरतो: F(s) शून्य होईल असा s कोणता?

एवढ्याने अवकल समीकरणाचा प्रश्न शाळेतल्या ओळखीच्या प्रश्नात बदलला, म्हणजे समीकरणाचे मूळ शोधण्यात. फरक एवढाच, की इथे F चे सूत्र हातात नसते. F ची एक किंमत हवी असेल तर टोकापासून टोकापर्यंतची एक पूर्ण फेरी करावी लागते. मूळ शोधण्याच्या सगळ्या रीती मात्र जशाच्या तशा चालतात. एका s ला गोळा पुढे पडला आणि दुसऱ्याला अलीकडे, तर मधला s घ्यायचा आणि अंतर निम्मे-निम्मे करत जायचे. किंवा दोन नेमांमधून सरळ रेषा काढून ती शून्याला कुठे छेदते ते पाहायचे. किंवा न्यूटनच्या रीतीने, s मध्ये किंचित बदल केला तर शेवट किती हलतो हेही सोबत मोजत जायचे.

वीस सेंटिमीटरच्या सळईवर हे करून पाहू. पहिला नेम: s = −५००, म्हणजे डाव्या टोकाला दर मीटरला ५०० अंश या वेगाने तापमान उतरते आहे. उजव्या टोकाला पोहोचल्यावर तापमान येते १९४.८८. हवे होते १००, म्हणजे सळई आत जाताना पुरेशी उतरली नाही. दुसरा नेम: s = −१०००. आता शेवटी येते १३.५३, म्हणजे जरा जास्तच उतरली. समीकरण रेषीय असल्यामुळे F चा आलेख सरळ रेषा आहे. s पाचशेने बदलला तर शेवट १८१.३५ अंशांनी बदलतो. पहिल्या नेमापासून ९४.८८ अंश खाली यायचे आहे, म्हणून s आणखी २६१.६ ने कमी करायचा. उत्तर: s = −७६१.६. तिसरी फेरी केली की शेवटी १०० येते आणि सळईच्या मध्यावर ६४.८ अंश मिळतात. कागद-पेन्सिलीने पडताळता येईल इतके हे सोपे आहे. समीकरण रेषीय नसते, उदाहरणार्थ सळई तापून लाल झाली आणि प्रारणाने उष्णता टाकू लागली, तर F चा आलेख वाकडा होतो आणि दोनऐवजी सहा-सात फेऱ्या लागतात, इतकेच.

पाठ्यपुस्तकांत ही पद्धत बहुधा इथेच थांबते आणि उदाहरणेही आखूड असतात. म्हणून पुढचा भाग पुष्कळांना स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यांदा भेटतो.

आता सळई एक मीटरची. पहिला नेम पुन्हा −५००. शेवटी तापमान येते साडेपाच लाख अंश. दुसरा नेम −१०००. शेवटी ०.००४५ अंश. योग्य s आहे −९९९.९०९. वीस सेंटिमीटरच्या सळईत s एक एककाने चुकला तर शेवट जेमतेम एक तृतीयांश अंशाने हलत होता. एक मीटरमध्ये तेवढ्याच चुकीला शेवट ११०१ अंशांनी हलतो. अजून काही बिघडलेले नाही, कारण संगणकाकडे सोळा अंकांची अचूकता आहे. पण दिशा दिसू लागली आहे.

कारण समीकरणाच्या पोटात आहे. त्याची प्रत्येक उकल दोन तुकड्यांची बेरीज असते. एक तुकडा डावीकडून उजवीकडे जाताना विझत जातो, दर दहा सेंटिमीटरला २.७१८ पटीने लहान होतो. दुसरा तेवढ्याच वेगाने फुगत जातो. डाव्या टोकाला तापमान १०० आणि उतार s धरला, तर फुगणाऱ्या तुकड्याचा सुरुवातीचा वाटा येतो (१००० + s) ÷ २०. म्हणून s बरोबर −१००० असेल तर तो वाटा शून्य, आणि s त्यापासून जरा जरी हलला तरी तो वाटा उरतो आणि फुगू लागतो. गणिताच्या भाषेत ही घातांकी वाढ. सळईच्या भाषेत, दर तेवीस सेंटिमीटरला चूक दहापट होते.

या एका वाक्यात सगळा हिशेब आहे. चूक दहापट होणे म्हणजे अचूकतेचा एक अंक गमावणे. संगणकाची नेहमीची दशांश संख्या सुमारे सोळा अंक साठवते. सोळा अंक गुणिले तेवीस सेंटिमीटर म्हणजे साधारण तीन मीटर सत्तर. तिथे हातातले अंक संपतात.

चार मीटरवर नेमके काय होते ते पाहण्यासारखे आहे. तिथे योग्य s आहे −१००० पेक्षा किंचित जास्त. किती किंचित? दशांश चिन्हानंतर चौदा शून्ये आणि मग ८५. पण हजाराच्या जरा खाली संगणकाला दाखवता येणाऱ्या लगतच्या दोन संख्यांमधले अंतरच त्याहून मोठे आहे: बारा शून्ये आणि मग ११३७. म्हणजे हवा तो s या दोन शेजारी संख्यांच्या मधल्या फटीत पडतो. पहिली संख्या, −१०००, घेतली तर उजव्या टोकाचे तापमान जवळजवळ शून्य. तिच्या लगतची पुढची संख्या घेतली तर १३३८ अंश. हवे आहे १००. F ला मूळ आहे, ते याच दोघांच्या मध्ये आहे, आणि संगणकाकडे तिथे संख्याच नाही. शिवाय हा हिशेब मधली प्रत्येक पायरी निर्दोष धरून केला आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर शेवटचा अंक गोल करावा लागतो, आणि ती इवलीशी चूकही त्याच वेगाने फुगत जाते.

मग जास्त अंक वापरावेत? बत्तीस अंकांची गणना करता येते, पण त्याने साडेसात मीटरच्या आसपास पोहोचता येते. लांबी वाढेल तितके अंक वाढवत जावे लागतात आणि गणना संथ होत जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. खुद्द सळईचा प्रश्न मुळीच नाजूक नाही. उजव्या टोकाचे तापमान एका अंशाने बदलले, तर सळईवर कुठेही एका अंशापेक्षा जास्त फरक पडत नाही, आणि अर्ध्या मीटरपलीकडे तो फरक एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होतो. निसर्गाने दोन्ही टोकांना एकेक अट घालून फुगणाऱ्या तुकड्याला उजव्या टोकाने बांधले आहे आणि विझणाऱ्याला डाव्या टोकाने. शूटिंग पद्धत ती दोन्ही बंधने डाव्या टोकाच्या एकाच आकड्यावर टाकते. चार मीटर दूर काय घडणार आहे ते डाव्या टोकाच्या उतारातल्या पंधराव्या-सोळाव्या अंकात लिहून ठेवायला सांगते. नाजूकपणा प्रश्नात नव्हता, तो अज्ञात राशीच्या निवडीतून आला.

बिघाड ओळखायचा कसा, हा त्याहून अवघड भाग. पुष्कळ प्रोग्रॅम s स्थिर झाला की थांबतात: मागच्या आणि आताच्या s मधला फरक अमुक इतका लहान झाला, म्हणजे उत्तर मिळाले. चार मीटरच्या सळईत निम्मे-निम्मे करण्याची रीत असा फरक दहाव्या, अकराव्या, बाराव्या अंकापर्यंत अगदी शहाण्यासारखा लहान करत नेते आणि ‘उत्तर मिळाले’ असे जाहीर करते. शेवटचे तापमान मात्र हजारो अंशांनी चुकलेले असते. म्हणून थांबण्याची अट s वर नव्हे, तर F वर असायला हवी. s चे अंतर आणखी निम्मे करता येत नाही आणि तरीही F दोन मोठ्या किमतींमध्ये उडी मारतो आहे, असे दिसले की हीच व्याधी आहे.

आलेख काढून पाहिला तरी फसगत होऊ शकते. खरी उकल डाव्या टोकाला १०० पासून झपाट्याने उतरते, मधले दोन-अडीच मीटर जवळजवळ शून्यावर असते आणि उजव्या टोकाजवळ पुन्हा चढते. चुकलेल्या s ची उकलही अशीच दिसते. पहिल्या दोन मीटरांत ती खऱ्या उकलीपासून एका अंशाच्या लाखाव्या भागानेही हललेली नसते, आणि शेवटी चढतेसुद्धा. फक्त ती १०० वर थांबण्याऐवजी १३३८ वर जाते. डावा अर्धा भाग शेवटच्या अंकापर्यंत बरोबर आणि उजवा अर्धा भाग केवळ गोल केलेल्या अंकांतून उगवलेला, असे हे चित्र असते. म्हणून जाणकार एक साधी चाचणी करतात: s चा शेवटचा अंक एकाने हलवायचा आणि दुसऱ्या टोकाला काय होते ते पाहायचे. तिथे फरक खपवून घेता येईल त्याहून मोठा असेल, तर पुढे मूळ शोधत बसण्यात अर्थ नाही.

कधी कधी नुसती दिशा बदलून काम भागते. सळईचे उजवे टोक गरम नसून खोलीच्याच तापमानाला असेल, तर त्या थंड टोकापासून डावीकडे नेम धरावा. त्या दिशेने हवी असलेली उकल स्वतःच फुगणारी असते. चूक आणि उकल एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून टक्केवारीत पाहिले तर चूक वाढतच नाही. दोन्ही टोके गरम असली की मात्र ही सोय संपते, कारण कुठूनही निघाले तरी उकल आधी विझते आणि मग फुगते.

रेषीय नसलेल्या समीकरणांत आणखी एक संकट येते. गोळा लक्ष्यापर्यंत पोहोचतच नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण ट्रॉएशचा प्रश्न. प्रारणाच्या दाबाने प्लाझ्माचा स्तंभ आवळून धरण्याच्या अभ्यासातून तो आला. त्याचे समीकरण y'' = λ sinh(λy), अंतर ० ते १, आणि अटी y(0) = 0, y(1) = 1. λ ची किंमत ५ धरली तर डाव्या टोकाचा योग्य उतार सुमारे ०.०४५८ आहे. पण उतार ०.०५४ च्या वर गेला, की उकल १ पर्यंत पोहोचण्याआधीच अनंताला जाते. ०.१ चा नेम धरला तर ती सुमारे ०.८८ पाशीच फुटते. तिथे F ची किंमत चुकीची येते असे नाही, ती किंमतच नसते. न्यूटनची रीत सुरू करायला जी पहिली अदमासे किंमत लागते, तीच बहुतेक ठिकाणी निरुपयोगी ठरते. λ दहा केला तर ही मर्यादा ०.०००३६३ वर येते आणि योग्य उतार ०.०००३५८, अगदी तिच्या काठाला लागून.

या दोन्ही संकटांवरचा मोठा उपाय १९६२ मध्ये मॉरिसन, रायली आणि झँकानारो या तिघांनी एका लेखात मांडला. सबंध अंतर एका दमात ओलांडायचे नाही. चार मीटरच्या सळईचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे आठ भाग करायचे आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला स्वतंत्र नेम धरायचा. प्रत्येक भागाचे सुरुवातीचे तापमान आणि उतार अज्ञात मानायचे. असे सोळा अज्ञात होतात. त्यांतले अगदी डावे तापमान माहीत आहे, म्हणून पंधरा. आता सात सांध्यांवर दोन-दोन अटी: अलीकडच्या भागाचे शेवटचे तापमान आणि उतार पलीकडच्या भागाच्या सुरुवातीशी जुळले पाहिजेत. त्या चौदा, आणि उजव्या टोकाला १०० ही पंधरावी. अर्ध्या मीटरमध्ये चूक दीडशेपटीच्या आसपास वाढते, म्हणजे जेमतेम दोन अंकांचे नुकसान. मूळ शोधण्याचा प्रश्न राहतोच. फक्त एका s ऐवजी पंधरा राशींचे मूळ एकदम शोधायचे, आणि समीकरण रेषीय असल्यामुळे न्यूटनच्या रीतीची एकच फेरी पुरते. ट्रॉएशच्या प्रश्नात फायदा दुहेरी होतो. भाग आखूड असल्यामुळे उकल फुटायच्या आत भाग संपतो, आणि मधल्या सांध्यांवर तापमानाचा किंवा y चा अंदाज बांधणे हे टोकाच्या उताराचा अंदाज बांधण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

या उपायातही एक खाच आहे. पंधरा समीकरणे सोडवताना पहिल्या सांध्याच्या राशी पहिल्या नेमात व्यक्त करायच्या, दुसऱ्याच्या पहिल्यात, असे डावीकडून उजवीकडे सगळे अज्ञात गाळत गेले, की शेवटी पुन्हा एकच s उरतो आणि त्याच्या गुणकात आठही भागांची वाढ एकमेकींशी गुणली गेलेली असते. म्हणजे दारातून घालवलेली तीच चार मीटरची चूक खिडकीतून परत येते. म्हणून ही समीकरणे एकत्र ठेवून, प्रत्येक पायरीला योग्य गुणक निवडत सोडवावी लागतात. तयार प्रोग्रॅम वापरताना आत हे कसे केले आहे, हे तपासून घेण्याची गोष्ट आहे.

नेम धरण्याची कल्पनाच सोडून देणारा मार्गही आहे. पाच-पाच सेंटिमीटरवर खुणा करायच्या आणि मधल्या ७९ खुणांवरची तापमाने थेट अज्ञात मानायची. मग प्रत्येक खुणेवर समीकरण सांगते, की तिथले तापमान २.२५ ने गुणले तर ते शेजारच्या दोन तापमानांच्या बेरजेइतके येते. दोन्ही टोकांच्या अटी या साखळीत दोन्हीकडून एकदम शिरतात आणि चूक कुठेही फुगत नाही. पाच सेंटिमीटरच्या खुणांनी उत्तर थोडे ढोबळ येईल, पण खुणा दाट केल्या की ते सुधारत जाते. मॅटलॅबमधले bvp4c आणि पायथनच्या सायपाय संचातले solve_bvp ही दोन्ही साधने याच जातीची आहेत. खुणांमधल्या प्रत्येक तुकड्यावर ती बहुपदी बसवतात, समीकरण कुठे किती चुकते ते मोजतात आणि जिथे जास्त चुकते तिथे खुणा वाढवतात. चार मीटरच्या सळईत त्या जादा खुणा दोन्ही टोकांजवळच्या अर्ध्या-अर्ध्या मीटरमध्ये गोळा होतात. मधल्या तीन मीटरना मोजक्याच पुरतात, कारण तिथे तापमान खोलीइतकेच असते.